चमचाभर हिरव्या भुकटीचा हिशेब

गेल्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शेवग्याच्या पानांच्या भुकटीबाबत इशारा दिला. सात राज्यांतील अकरा जणांना साल्मोनेला जिवाणूच्या ‘रिचमंड’ या एरवी फारसा न आढळणाऱ्या प्रकाराची बाधा झाली होती. कोणी दगावले नाही, पण काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. रुग्णांनी खाल्लेल्या पदार्थांचा माग काढत तपास ‘सुपर ग्रीन्स’ नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणापर्यंत आणि तिथून त्यातल्या शेवग्यापर्यंत पोहोचला. ती भुकटी राजस्थानातल्या जोधपूरहून गेली होती.

अकरा हा आकडा लहान वाटतो. पण अशी घटना पहिल्यांदाच घडलेली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतच, जेवणाऐवजी पाण्यात कालवून पिण्याच्या एका भुकटीमुळे २३ राज्यांतील ३३ जणांना साल्मोनेलाची बाधा झाली होती. तेव्हाही तपास यंत्रणांनी बोट ठेवले ते त्या मिश्रणातल्या सेंद्रिय शेवगा भुकटीवरच. दोन्ही वेळी आजारी पडलेले लोक निष्काळजीपणे उघड्यावरचे खाणारे नव्हते. उलट ते प्रकृतीची जरा जास्तच काळजी घेणारे होते.

शेवगा म्हणजे मोरिंगा, स्पिरुलिना आणि क्लोरेला या तीन हिरव्या भुकट्या आता आपल्याकडेही औषधांच्या दुकानांत, व्यायामशाळांत आणि घरपोच खरेदीच्या यादीत ठाण मांडून बसल्या आहेत. दुधापेक्षा सतरा पट कॅल्शियम, पालकापेक्षा पंचवीस पट लोह, मांसापेक्षा जास्त प्रथिने, एका ग्रॅममध्ये किलोभर भाज्यांचे पोषण असे दावे डब्यावर आणि जाहिरातीत असतात. यातले काही दावे सपशेल खोटे आहेत, तर काही आकड्यांपुरते खरे आहेत. ग्राहकाची खरी फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. कारण तो आकडा शंभर ग्रॅम भुकटीचा असतो आणि पोटात जाते ती चमचाभर.

कोरडे आणि ओले

शेवग्याच्या वाळलेल्या पानांच्या भुकटीचे जे आकडे जगभर वापरले जातात, त्यांनुसार शंभर ग्रॅम भुकटीत साधारण २७ ग्रॅम प्रथिने, २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २८ मिलिग्रॅम लोह असते. दुधात शंभर मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भागाकार केला की ‘सतरा पट’ बरोबर निघते. इथपर्यंत दावा खरा.

आता चमचा घेऊ. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात ही हलकी भुकटी दोन-अडीच ग्रॅम मावते. दिवसाला दोन चमचे, म्हणजे पाच ग्रॅम घेतले, तर कॅल्शियम मिळते १०० मिलिग्रॅम. दूध मात्र कोणी चमच्याने पीत नाही. दोनशे मिलिलिटरच्या एका पेल्यातून २४० मिलिग्रॅम मिळते. म्हणजे सतरा पट कॅल्शियम असलेला पदार्थ प्रत्यक्ष वापरात अर्ध्या पेल्या दुधाचीही बरोबरी करत नाही. पूर्ण पेल्याची बरोबरी करायची तर रोज बारा ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे भुकटी खावी लागेल. तिची कडवट, गवताळ चव लक्षात घेता हे कोणी फार दिवस करत नाही. शिवाय पानातले सगळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही. त्यातले काही ऑक्झलेटशी बांधलेले असते आणि न शोषता बाहेर पडते.

पालकाशी केलेली तुलना तर मुळातच सदोष आहे. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. भुकटीतले पाणी आधीच उडवलेले असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ताज्या पालकात जवळपास ३ मिलिग्रॅम लोह असते. हाच पालक वाळवून त्याची भुकटी केली, तर शंभर ग्रॅम पालक-भुकटीत तीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरेल. शेवग्याच्या भुकटीत आहे २८. म्हणजे कोरड्याची तुलना कोरड्याशी केली की ‘पंचवीस पट’ आघाडी नाहीशी होते. पंचवीस हा आकडा आला कुठून, हेही उलटा हिशेब केल्यावर उमगते. २८ ला २५ ने भागले की पालकाचे लोह १.१ मिलिग्रॅम धरलेले दिसते. जुन्या भारतीय तक्त्यांत ते तेवढेच दिलेले असे. नवे मोजमाप आले, पण जाहिरातीतला आकडा तोच राहिला.

शेवग्याचा पाला पौष्टिक नाही, असा याचा अर्थ नाही. उलट पालेभाज्यांत तो खरोखर वरच्या रांगेत बसतो. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच. त्या भाजीत माणशी पन्नास ग्रॅम ताजा पाला जातो असे धरले, तर सुमारे तीन ग्रॅम प्रथिने, दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दोन मिलिग्रॅमच्या वर लोह एका वाढणीत मिळते. पाच ग्रॅम भुकटी म्हणजे ताज्या पाल्याच्या हिशेबात वीसेक ग्रॅम. पाला वाळवल्याने पोषण वाढत नाही, फक्त पाणी कमी होते. आणि क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग त्या वाळवणीतच जातो.

एक ग्रॅम विरुद्ध एक किलो

स्पिरुलिनाबाबतचा सर्वात लोकप्रिय दावा असा की, तिच्या एका ग्रॅममध्ये एक किलो फळे-भाज्यांइतके पोषण असते. याला बऱ्याचदा ‘नासा’चे नाव जोडलेले असते. नासाने १९८० च्या दशकात दीर्घ अंतराळ प्रवासात अन्न म्हणून स्पिरुलिना वाढवता येईल का, याचा अभ्यास करवून घेतला होता, हे खरे आहे. कमी जागेत, कमी पाण्यात, वेगाने वाढणारे आणि बहुतेक सगळे खाण्याजोगे असे पीक त्यांना हवे होते. एक ग्रॅम म्हणजे एक किलो, हे समीकरण मात्र कोणत्याही मोजमापावर टिकत नाही.

ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. किलोभर मिश्र भाज्यांत सहज वीस ग्रॅम तंतू आणि दोन ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. एक ग्रॅम वजनाच्या भुकटीत वीस ग्रॅम तंतू किंवा दोन ग्रॅम पोटॅशियम मावेलच कसे? एका ग्रॅम स्पिरुलिनात पोटॅशियम असते चौदा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे दाव्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

प्रथिनांचा दावा त्यामानाने जास्त भक्कम आहे. वाळलेल्या स्पिरुलिनाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि ती चांगल्या प्रतीची असतात. पण पुन्हा चमचा आडवा येतो. पाकिटावर सुचवलेले प्रमाण बहुधा दोन ते पाच ग्रॅम असते. पाच ग्रॅममधून तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यातून सहा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात ग्रॅम मिळतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ आणि स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. त्यात स्पिरुलिनाचा वाटा सहा-सात टक्के. लोहाचेही तसेच. पाच ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅमच्या आतच आणि स्त्रियांची शिफारस आहे २९ मिलिग्रॅमची. रक्तक्षयासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या थांबवून कोणी स्पिरुलिनावर विसंबले, तर तो सौदा महागात पडेल.

अल्प प्रमाणातही ज्यांचा उपयोग होऊ शकतो, असे घटक या भुकट्यांत आहेत. अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक असलेले बीटा कॅरोटीन हे त्यातले मुख्य. त्याची गरजच मुळात मायक्रोग्रॅममध्ये असल्याने एक-दोन चमच्यांनीही फरक पडू शकतो. पण उन्हात आणि उजेडात ते झपाट्याने नष्ट होते. म्हणून सावलीत वाळवलेली, अपारदर्शक डब्यातली, गडद हिरवी भुकटी चांगली. पारदर्शक बरणीतली, पिवळट-तपकिरी झालेली भुकटी हे घटक बहुतांशी गमावून बसलेली असते.

बी-१२ चा चकवा

सर्वात गंभीर परिणाम होऊ शकतो तो बी-१२ जीवनसत्त्वाच्या दाव्याचा. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. त्यामुळे शाकाहारी आणि विशेषतः दूधही सोडलेल्या लोकांना ‘वनस्पतीजन्य बी-१२’ म्हणून स्पिरुलिना सुचवली जाते. जपानी संशोधक फुमिओ वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्पिरुलिनाच्या गोळ्यांतले हे ‘बी-१२’ वेगळे करून पाहिले. त्यातला सुमारे ८३ टक्के भाग छद्म बी-१२ निघाला. त्याची रचना खऱ्यासारखी असते, पण मानवी शरीरात तो काम करत नाही. खरे बी-१२ उरले १७ टक्के.

मग लेबलवर मोठा आकडा कसा येतो? बी-१२ मोजण्याच्या एका जुन्या, स्वस्त पद्धतीत विशिष्ट जिवाणू किती वाढतात ते पाहतात. त्या जिवाणूंना छद्म बी-१२ ही चालते. ते वाढतात, आकडा वाढतो आणि लेबल लिहिणाऱ्याने खोटे न बोलताही वाचणारा फसतो. क्लोरेलात खरे बी-१२ आढळलेले आहे, पण त्याचे प्रमाण एका उत्पादनाहून दुसऱ्यात प्रचंड बदलते. ते शेवाळाचे स्वतःचे नसून वाढीच्या पाण्यातून किंवा सोबतच्या जिवाणूंकडून आलेले असते.

महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या दीर्घ अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. बी-१२ ची कमतरता हळूहळू मज्जातंतूंना इजा करते. हातापायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरभोळेपणा वाढतो. हिरव्या भुकट्यांत फोलेट असते आणि फोलेट रक्तक्षयाची लक्षणे झाकू शकते. त्यामुळे रक्ताचा अहवाल बरा दिसत असताना मज्जातंतूंची हानी सुरूच राहण्याचा धोका असतो. कमतरता असेल तर उपाय एकच, बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन. ते या भुकट्यांहून स्वस्तही पडते.

शिजवलेला पाला, न शिजवलेली भुकटी

आता जोधपूरच्या भुकटीकडे परत येऊ. शेवग्याचा पाला हजारो वर्षे खाल्ला जातो आहे, मग त्यातून आजारपण आत्ताच का उद्भवले? उत्तर सोपे आहे. भाजी शिजते, भुकटी शिजत नाही.

पाला तोडताना, जमिनीवर रचताना, धुण्याच्या पाण्यातून, उघड्यावर वाळवताना पक्षी, पाली आणि उंदरांच्या विष्ठेतून साल्मोनेला त्यावर येऊ शकतो. घरी हाच पाला कढईत गेला की जिवाणू मरतात. भुकटीच्या कारखान्यात तो वाळतो, दळला जातो आणि पोत्यांत भरला जातो. कोरड्या भुकटीत साल्मोनेला वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने निपचित पडून राहतो. त्यात आणखी एक मेख आहे. कोरड्या अवस्थेत हा जिवाणू उष्णतेला जास्त दाद देत नाही. त्यामुळे तव्यावर भुकटी जराशी परतून घेतली म्हणजे ती निर्धोक झाली, असे होत नाही. चांगले उत्पादक दळण्यापूर्वी किंवा नंतर वाफेची नियंत्रित प्रक्रिया करतात. ती केली नसेल, तर पुढे ताकात, फळांच्या रसात किंवा ‘स्मूदी’त मिसळून भुकटी थेट पोटात जाते.

दळण्याने आणखी एक गोष्ट होते. एका शेतातला दूषित पाला पूर्ण खेपेत पसरतो. ती खेप घाऊक व्यापाऱ्याकडून अनेक उत्पादकांकडे जाते आणि वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत शिरते. २०२५ च्या प्रकरणातही एकाच पुरवठादाराची भुकटी एकाहून अधिक नावांनी विकली गेली होती.

पण चाचण्या होतात ना? होतात, आणि त्यांची मर्यादा समजून घ्यायला हवी. साल्मोनेलासाठी नियम असतो तो ‘२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित’ असा. समजा, एका खेपेत दर किलोला सरासरी एकच जिवाणू आहे. त्यातून २५ ग्रॅमचा एक नमुना घेतला, तर तो सापडण्याची शक्यता शंभरात अडीच. असे पाच नमुने घेतले तर शंभरात बारा. साठ नमुने, म्हणजे दीड किलो भुकटी तपासली, तरी शंभरातून बावीस वेळा ती खेप ‘स्वच्छ’ म्हणून सुटेल. म्हणून एक नमुना तपासून दिलेले प्रमाणपत्र खोटे नसते, पण पुरेसेही नसते. सुरक्षितता येते ती जिवाणू मारणाऱ्या प्रक्रियेतून. चाचणी फक्त त्या प्रक्रियेवर नजर ठेवते.

घरी याचा उपाय सहज शक्य आहे. शेवग्याची भुकटी वापरायचीच असेल, तर ती उकळत्या आमटीत, पिठल्यात किंवा थालीपिठाच्या भाजणीत घालून नीट शिजवावी. क जीवनसत्त्व थोडे जाईल, पण ते भुकटीत फारसे नव्हतेच. लोह आणि कॅल्शियम शिजवल्याने कुठे जात नाहीत. वरून लिंबू पिळले की लोह शोषायला मदतही होते.

तळ्यातले पाहुणे

स्पिरुलिना आणि क्लोरेलाचा प्रश्न वेगळा आहे. ही पाण्यात वाढणारी सूक्ष्म पिके. स्पिरुलिना हा खरे तर नील-हरित जिवाणू आहे. ती अतिशय अल्कधर्मी पाण्यात वाढवतात, कारण तशा पाण्यात इतर फारसे काही तग धरत नाही. हीच तिची तटबंदी. पण उघड्या तलावात पावसाचे पाणी शिरले, क्षारांचे प्रमाण ढळले, देखरेख ढिली पडली की इतर नील-हरित जिवाणू घुसतात. त्यातल्या मायक्रोसिस्टिसची जात मायक्रोसिस्टीन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते आणि उकळूनही नष्ट होत नाही. म्हणजे शेवग्याला लागू पडणारा शिजवण्याचा उपाय इथे निरुपयोगी ठरतो.

या धोक्याचे सर्वात चांगले नोंदलेले उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातले. तिथल्या अप्पर क्लॅमथ या नैसर्गिक सरोवरातून ‘अफॅनिझोमेनॉन’ नावाचे नील-हरित शेवाळ गोळा करून आरोग्यपूरक म्हणून विकले जाते. ते स्पिरुलिना नव्हे, पण बाजारात दोन्ही ‘नील-हरित शेवाळ’ म्हणून शेजारी बसतात. १९९० च्या दशकात सरोवरात मायक्रोसिस्टिस फोफावल्यावर राज्याने उत्पादने तपासली. ८७ पैकी ८५ नमुन्यांत मायक्रोसिस्टीन सापडले. त्यातल्या ६३ मध्ये ते राज्याने ठरवलेल्या, ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम, या मर्यादेच्या वर होते.

ही मर्यादा कशी ठरली, हे पाहिले की प्रमाणाचा प्रश्न लख्ख दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रोज, आयुष्यभर घेतले तरी चालेल असे मायक्रोसिस्टीनचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०४ मायक्रोग्रॅम आहे. साठ किलोच्या प्रौढासाठी ते होते २.४ मायक्रोग्रॅम. त्याने मर्यादेत बसणारी, म्हणजे ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम विष असलेली भुकटी दिवसाला दोन ग्रॅम घेतली, तर तो रेषेच्या आत राहतो. ‘प्रथिने कमी पडतात’ म्हणून त्याने पाच ग्रॅम घेतली, तर तो दुप्पट ओलांडून जातो. आणि पंधरा किलोच्या मुलाची रेषा आहे ०.६ मायक्रोग्रॅम. त्याला कायदेशीर भुकटीचा एक ग्रॅमही जास्त होतो.

पोषण आणि विष दोन्ही एकाच चमच्यातून येतात. पोषणाचा दावा खरा करायला चमचा मोठा करावा, तर विषाची मर्यादा मोडते. ती पाळायला चमचा लहान ठेवावा, तर पोषण नगण्य होते.

क्लोरेलाच्या बाबतीत आणखी एक विचित्र विरोधाभास आहे. ‘शरीरातील जड धातू बाहेर काढते’ असा तिचा प्रचार होतो. तिच्या पेशीभित्तिकेला पाण्यातले धातू चिकटतात, हे खरे आहे. सांडपाण्यातील धातू काढण्यासाठी तिचा अभ्यास झाला तो याच गुणामुळे. पण हाच गुण ती वाढते त्या पाण्यालाही लागू होतो. पाणी किंवा खतातले क्षार अशुद्ध असले, तर शिसे आणि कॅडमियम ती पोटात पोहोचण्याआधीच गोळा करून बसते.

प्रक्रियाही बिघडू शकते. १९७७ मध्ये जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर सूज आणि पुरळ उठले. कारण होते फिओफॉर्बाइड. हरितद्रव्य विघटित होताना तयार होणारा हा पदार्थ त्वचेला उजेडाबाबत अतिसंवेदनशील करतो. पेशी फुटल्यावर आतले विकर मोकळे होऊन काम करू लागले की तो वाढतो. जपान सरकारने त्यानंतर क्लोरेलातील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली. ‘पेशीभित्तिका फोडलेली’ हे क्लोरेलाच्या डब्यावर मिरवले जाणारे वाक्य म्हणूनच अर्धेच आहे. फोडल्यावर विकर लगेच निष्क्रिय केले की नाही, हे उरलेले अर्धे.

डबा घेण्यापूर्वी

शिशाचा हिशेब ग्राहकाला स्वतः करता येतो. विश्लेषण अहवालात ते ‘पीपीएम’मध्ये दिलेले असते. एक पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम. या आकड्याला आपण रोज घेत असलेल्या ग्रॅमने गुणले की त्या भुकटीतून किती शिसे पोटात जाते ते कळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सगळ्या आहारातून मिळून मुलांसाठी दिवसाला २.२ आणि गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरली आहे. युरोपीय संघाची आरोग्यपूरकांसाठीची कायदेशीर मर्यादा आहे तीन पीपीएम. म्हणजे कायद्यात पूर्ण बसणाऱ्या भुकटीच्या तीन ग्रॅममधून नऊ मायक्रोग्रॅम शिसे मिळू शकते. दिवसभराच्या बाकी जेवणाचे त्यात धरलेलेच नाही. अर्थात बऱ्याच भुकट्यांत शिसे याहून खूप कमी असते. पण ते किती, हे अहवाल पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून अहवाल मागावा आणि त्यावरचा खेप क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा अहवाल आजच्या डब्याबद्दल काही सांगत नाही. स्पिरुलिनासाठी त्यात मायक्रोसिस्टीन आणि धातू, क्लोरेलासाठी धातू आणि फिओफॉर्बाइड, शेवग्यासाठी साल्मोनेला आणि धातू यांचे प्रत्यक्ष आकडे असावेत. केवळ ‘योग्य’ असा शेरा पुरेसा नाही. डब्यावरचा चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आवश्यक आहेच, पण तो व्यवसायाचा परवाना असतो, त्या खेपेच्या चाचणीचा दाखला नसतो. ‘सेंद्रिय’ हा शब्द खते-कीटकनाशकांबद्दल बोलतो, साल्मोनेला किंवा शिशाबद्दल नाही. २०१६ मधली भुकटी सेंद्रियच होती.

वीस-पंचवीस घटकांच्या ‘सुपर ग्रीन्स’ मिश्रणांबाबत तर हा हिशेबच करता येत नाही. आठ-दहा ग्रॅमच्या मापात पंचवीस घटक असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी अर्धा ग्रॅमही येत नाही आणि कशाचे किती, हे बहुधा लिहिलेले नसते. पोषण नगण्य आणि दूषित होण्याच्या वाटा मात्र पंचवीस.

काहींनी या भुकट्यांपासून लांबच राहिलेले बरे. लहान मुले आणि गर्भवती, कारण त्यांच्यासाठी मर्यादा फार खाली आहेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणारे, कारण क्लोरेलात आणि पालेभाज्यांच्या भुकट्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते औषधाचा परिणाम कमी करते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणारे, कारण त्यांच्यासाठी साल्मोनेला म्हणजे दोन दिवसांचे जुलाब नव्हेत.

भारतात या उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे नियमाने बंधनकारक आहे. पण खेपनिहाय चाचणीचे निकाल ग्राहकासमोर ठेवण्याची सक्ती नाही. निर्यातीच्या मालाबाबत परदेशी यंत्रणा मागोवा घेते, माल परत बोलावते आणि खेप क्रमांक जाहीर करते, म्हणून जोधपूरची भुकटी बातमीत आली. कारण तिथे रुग्णाच्या शौचाच्या नमुन्यातील जिवाणूचा जनुकीय ठसा नोंदवला जातो, तो देशभरच्या नोंदींशी ताडला जातो आणि सात राज्यांतले अकरा विखुरलेले रुग्ण एकाच डब्याशी जोडता येतात. आपल्याकडे जुलाबाचा रुग्ण गोळी घेऊन बरा होतो. त्याच्या नमुन्याची अशी तपासणी क्वचितच होते, त्यामुळे कारण डब्यातच राहते. शेवगा जिथे पिकतो, वाळतो आणि दळला जातो, त्या देशातल्या ग्राहकाला आज तरी हा माग उपलब्ध नाही. तोवर पाला बाजारातून जुडीने आणून शिजवणे, हाच त्यातला सर्वात जास्त पोषण देणारा, सर्वात स्वस्त आणि सर्वात निर्धोक मार्ग राहतो.